नवी बिलिंग सिस्टीम: टप्प्याटप्प्याने जायचं की एका रात्रीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातले टॉवेल-चादरीचे कारखानदार, घाऊक व्यापारी आणि त्यांचे हिशेबनीस बिलिंग बदलायच्या वेळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. बोलणं हवेत राहू नये म्हणून एक काल्पनिक पेढी धरू. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तिचं गोदाम आहे, चाटी गल्लीत घाऊक विक्रीची गादी, नवी पेठेत किरकोळ दुकान आणि पंढरपुरात एक छोटा डेपो. जीएसटी नंबर सगळ्यांचा एकच आणि वर्षाची उलाढाल साधारण १२ कोटी, म्हणजे नोंदणीकृत व्यापाऱ्यांच्या प्रत्येक बिलाला ई-इन्व्हॉइस लागतोच. आकडे समजावण्यापुरते आहेत, नियम खरे आहेत.

टप्प्याटप्प्याने की एकदम? नेमकं कशावरून ठरवायचं?

बहुतेक जण हा प्रश्न धाडसाचा समजतात. ज्याला भीती वाटते तो टप्पे मागतो, ज्याला घाई आहे तो म्हणतो एकदाच उरकून टाका. आमच्या मते हा शिवणीचा प्रश्न आहे. तुमच्या धंद्यात अशी जागा शोधायची की जिथून कापलं तर दोन्ही बाजू काही आठवडे स्वतंत्रपणे चालतील.

तीन गोष्टी तपासा: माल, उधारी आणि बिलांचे नंबर. नंबर कुठेही कापता येतात, कारण जीएसटीच्या नियमांत एकापेक्षा जास्त मालिका चालतात. माल आणि उधारीचं तसं नाही. दोन ठिकाणं एकाच गोदामातल्या एकाच ढिगातून विकत असतील, तर एक नव्या सिस्टीमवर आणि एक जुन्यावर ठेवल्यास दोन्हीकडे शिल्लक चुकीची दिसणार. जुनी म्हणेल ४० डझन आहेत, नवी म्हणेल ४० डझन आहेत, आणि प्रत्यक्षात ४० डझनच असतील, पण दोघांनी मिळून विकलेले ६५. तसंच उधारीचं. एकाच पार्टीला दोन ठिकाणांहून माल जात असेल, तर तिची मर्यादा कुठल्याच पडद्यावर पूर्ण दिसणार नाही.

म्हणून नियम सोपा आहे. ज्यांचा माल आणि उधारी एक, त्यांनी एकाच दिवशी उडी मारायची. ज्यांचा माल वेगळा मोजला जातो आणि पार्ट्या वेगळ्या आहेत, त्यांना वेगळ्या टप्प्यात टाकता येतं. तुमच्या धंद्यात अशी शिवण नसेलच, तर टप्प्यांचा हट्ट सोडा. नसलेली शिवण जबरदस्तीने पाडली, तर दोन्ही बाजू जुळवायला रोज संध्याकाळी एक माणूस बसवावा लागतो आणि तो दमला की पद्धत कोसळते.

मग या पेढीने काय करावं?

गोदाम आणि चाटी गल्लीची गादी वेगळी करता येत नाही. गादीवर बिल होतं, माल गोदामातून निघतो, पार्ट्याही त्याच. हे दोन्ही एकाच रात्री न्यायचे. म्हणजे त्यांच्यापुरती एकदम उडीच.

नवी पेठेचं दुकान आधी न्यायला चांगलं. तिथे माल गोदामातून चलनावर येतो आणि स्वतंत्र मोजला जातो. गिऱ्हाईक रोखीचं, उधारी जवळजवळ नाही. साध्या ग्राहकाच्या बिलाला ई-इन्व्हॉइस लागत नाही, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी काउंटर थांबत नाही. दुकान १ जुलैला, गोदाम आणि गादी १ ऑगस्टला, पंढरपूर डेपो १ सप्टेंबरला. आषाढीच्या गर्दीत पंढरपुरात काहीही नवीन सुरू करायचं नाही, हे सांगायलाच नको.

एक सावधगिरी मात्र लिहून ठेवा. दुकान महिनाभर सुरळीत चाललं म्हणून गादी सुरळीत चालेल असं समजू नका. दुकानात जे अवघड नाही तेच तिथे तपासलं जातं. उधारी, ई-इन्व्हॉइस, ई-वे बिल, डझनाचे भाव, दलालाची टक्केवारी, ही सगळी गादीची दुखणी आहेत. पहिल्या टप्प्यातून लोकांचा हात बसतो आणि छपाई, बारकोड, रोजचा गल्ला यांची खात्री पटते, एवढंच. गादीची चाचणी वेगळीच घ्यावी लागते, ती पुढे सांगितली आहे.

मधल्या काळात दोन सिस्टीममध्ये काय काय जुळवायचं?

जुलैमध्ये दुकान नव्यावर, गोदाम जुन्यावर. गोदामातून दुकानात माल जातो तेव्हा चलन जुन्या सिस्टीमवर निघतं आणि आवक नव्या सिस्टीमवर हाताने भरावी लागते. एकाच राज्यात, एकाच जीएसटी नंबरखाली माल हलतोय, त्यामुळे करपात्र बिल होत नाही, पण माल मात्र दोन वह्यांत फिरतो. म्हणून रोज दुकान बंद होताना एकच प्रश्न: आज गोदामाच्या जावकेतले नग आणि दुकानाच्या आवकेतले नग सारखे आहेत का? फरक त्याच दिवशी शोधायचा. आठवडाभर साठवला तर तो सापडत नाही, कारण माल तोपर्यंत विकला गेलेला असतो.

दुसरं काम महिन्याच्या शेवटी. जीएसटीआर-१ एकच भरायचा असतो, पण त्यातली बिलं दोन ठिकाणांहून येतात. याद्या जोडणं सोपं आहे. चुका होतात त्या एचएसएनवार बेरजेत आणि दस्तऐवजांच्या तक्त्यात. एचएसएनच्या दोन्ही बेरजा मिळवाव्या लागतात, एकावर दुसरी चढवायची नाही. दस्तऐवजांच्या तक्त्यात प्रत्येक मालिकेचा पहिला नंबर, शेवटचा नंबर आणि रद्द झालेली बिलं वेगवेगळी दाखवायची. मासिक विवरणाची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख असते, म्हणून हे काम पाचलाच हातात घ्या.

असा प्रत्येक महिना म्हणजे एक जोडकाम. म्हणून टप्पे करायचे तर शेवटच्या टप्प्याची तारीख आधीच ठरवा. "बघू पुढे" म्हणून सोडलेला डेपो वर्षभर जुन्यावरच राहतो.

१ एप्रिलपासूनच का सुरू करू नये? नवं वर्ष, नवी वही.

मोह समजतो. नंबर एकपासून सुरू होतात, वर्ष अर्धं इकडे अर्धं तिकडे होत नाही. पण मार्चअखेर हिशेबनीस वर्ष बंद करण्यात बुडालेला असतो, जुनी शिल्लक अजून पक्की नसते आणि त्याच शिल्लकीवर नवी सिस्टीम उभी करायची असते. त्यात आपल्या धंद्याचं खास कारण: एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. टॉवेल-टोपीच्या आहेराची मागणी तेव्हाच असते. डझनांची घाई सुरू असताना गादीवर नवा पडदा उघडणं म्हणजे पार्टीला शेजारच्या दुकानात पाठवणं.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेचे दिवस टाळा, दिवाळीच्या आधीचा दीड महिना टाळा. जुलै-ऑगस्ट बरा. पितृपक्षात बाजार थंड असतो खरा, पण मालक नवं काम सुरू करायला तयार होत नाहीत, आणि झालेच तरी घरचे होत नाहीत. महिन्याची पहिली तारीख मात्र धरा, म्हणजे त्या ठिकाणचा महिना मधोमध फुटत नाही.

महिनाभर दोन्ही सिस्टीमवर प्रत्येक बिल करून पाहिलं तर? सर्वांत सुरक्षित तेच ना?

नाही. गादीवर बिल करणारा एकच माणूस असतो. त्याला प्रत्येक बिल दोनदा करायला लावलं तर तिसऱ्या दिवसापासून तो दुसरं बिल रात्री करतो, आठव्या दिवसापासून करतच नाही. शिवाय खरं बिल कुठलं हा घोळ होतो. ई-इन्व्हॉइस एकाच बिलाचा एकदाच काढता येतो. दोन सिस्टीमनी दोन वेगळ्या नंबरांनी काढला, तर सरकारदरबारी विक्री दुप्पट झाली.

त्याऐवजी कालचा गठ्ठा वापरा. मागच्या महिन्यातला एक भरगच्च दिवस निवडा. त्या दिवशीची सगळी बिलं नव्या सिस्टीमच्या चाचणी प्रतीत, जो माणूस उद्या गादीवर बसणार आहे त्यानेच भरायची. मग एकेक बिल जुन्याशी पडताळायचं: करपात्र रक्कम, कर, पूर्णांक, एकूण. काही पैशांचा फरक आला तर तो बहुधा कर प्रत्येक ओळीवर पूर्णांकात घेतला की संपूर्ण बिलावर, यातून येतो. तो चालतो, पण कारण माहीत असलं पाहिजे. रुपयांचा फरक आला तर पुढे जायचं नाही.

त्या गठ्ठ्यात कुठली बिलं असायलाच हवीत?

टॉवेल-चादरीच्या धंद्यात सर्वांत महाग चूक कराच्या दराची होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कापडी वस्तूंना, ज्यात टॉवेल आणि बेडशीट येतात, प्रति नग २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के असा दर आहे. त्याआधी ही सीमा १,००० रुपयांची होती आणि वरचा दर १२ टक्के. म्हणजे दर वस्तूवरच ठरत नाही, तिच्या एका नगाच्या किमतीवर ठरतो. इथेच नव्या सिस्टीम घसरतात.

पहिली चाचणी डझनाची. ३० बाय ६० चा टर्किश टॉवेल डझनाला ३,००० रुपये. नग पडतो २५० रुपयांना, दर ५ टक्के. पण बिल डझनात केलं, तर सिस्टीमला भावाच्या रकान्यात ३,००० दिसतात आणि ती १८ टक्के लावते. एका डझनावर १५० रुपयांऐवजी ५४० रुपये कर. पार्टी तेव्हाच ओरडली तर बरं. ओरडली नाही, तर तीस बिलांनंतर कळतं आणि मग तीस क्रेडिट नोट.

दुसरी चाचणी सवलतीची. भारी बेडशीट २,६०० रुपयांची, बिलातच ५ टक्के सवलत. विक्रीची किंमत झाली २,४७०, म्हणजे सीमेच्या आत. सिस्टीम सवलतीआधीचा आकडा पाहते की नंतरचा? दोन्ही प्रकारे बिल करून पाहा आणि तुमच्या सीएला दाखवून त्याचा होकार लेखी घ्या.

तिसरी, एकाच बिलात दोन दरांचा माल आणि वर गाडीभाडं. भाडं कुठल्या दराने कर ओढतंय ते पाहा. चौथी, कर्नाटकातल्या पार्टीचं बिल. विजापूर आणि कलबुर्गीला आपला माल नेहमी जातो, तिथे केंद्र-राज्य कराची जोडी न लागता आयजीएसटी लागला पाहिजे. बाकी साधी बिलं कितीही भरा, त्यातून फारसं कळत नाही.

बिलांचे नंबर कसे ठेवायचे?

नव्या सिस्टीमला नवी मालिका. जुन्याचा शेवटचा नंबर पुढे चालवू नका, मधल्या काळात दोघांचे नंबर एकमेकांवर चढतील. नंबर १६ अक्षरांच्या आत हवा. त्यात इंग्रजी अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरकी रेघ एवढंच चालतं.

```
GD/26-27/00001        14 - चालतो
SOLAPUR/26-27/00001   19 - चालत नाही
```

ई-इन्व्हॉइसच्या बिलाचा नंबर शून्याने किंवा रेघेने सुरू होऊ शकत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि जून २०२५ पासून पोर्टल लहान-मोठी अक्षरं एकच मानतं, त्यामुळे जुनी मालिका `gd` आणि नवी `GD` अशी युक्ती करू नका.

"तयार आहोत" हे कधी म्हणायचं? यादी पाठवा.

बाजारात साठ-साठ ओळींच्या याद्या मिळतात. त्यांत संगणक पुसला का इथपासून सगळं असतं, आणि म्हणूनच कुणी वाचत नाही. आमची यादी छोटी आहे. तिच्यातल्या प्रत्येक ओळीपुढे एक माणूस आणि एक पुरावा असतो, आणि एकही ओळ "नाही" असेल तर तारीख पुढे ढकलायची.

कराचा पुरावा म्हणजे वरच्या गठ्ठ्याची पडताळणी, सीएच्या सहीसकट. उधारीचा पुरावा म्हणजे जुन्या आणि नव्या येण्यांची बेरीज पैशापर्यंत सारखी. मालाचा पुरावा म्हणजे प्रत्यक्ष मोजणी. जुन्या सिस्टीमची शिल्लक उचलून नव्यात टाकायची नाही, कारण जुनी चुकीची होती म्हणूनच आपण इथवर आलोय. मोजताना नग की डझन की गाठ हे प्रत्येक ओळीपुढे लिहा. एका गाठीतले नग आकारागणिक बदलतात, आणि गाठीचा आकडा नगाच्या रकान्यात पडला की गोदाम एका रात्रीत रिकामं दिसतं.

ई-इन्व्हॉइसचा पुरावा जरा खोलात जाऊन सांगावा लागेल. चाचणीच्या पोर्टलवर नंबर निघाला म्हणजे खऱ्या पोर्टलवर निघेल असं नाही. दोन्हीकडचे युजर आणि पासवर्ड वेगळे असतात. तुमचं नवं सॉफ्टवेअर ज्या मध्यस्थ कंपनीमार्फत पोर्टलशी बोलतं, तिच्या नावाने ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नवा एपीआय युजर तयार करावा लागतो. जुन्या सॉफ्टवेअरचा युजर चालेलच असं नाही. आणि हे करताना ओटीपी जातो नोंदणीकृत मोबाइलवर, म्हणजे बहुधा थोरल्या मालकांच्या, जे त्या सकाळी तुळजापूरला दर्शनाच्या रांगेत असतात. हे काम आठवडाभर आधी उरका.

छपाईचा पुरावा म्हणजे प्रत्यक्ष कागद. गादीवर अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि आधीच छापलेले बिलाचे कागद असतील, तर क्यूआर कोड त्यावर धड उमटत नाही आणि मोबाइलने वाचताही येत नाही. कोड छापा, ई-इन्व्हॉइस पडताळणीच्या ॲपने वाचून पाहा, वाचला तरच होकार.

आणि माणसांचा पुरावा: गादीवर बसणाऱ्याने कुणाला न विचारता एक बिल, एक वापसी, एक जमा पावती आणि एक बिल रद्द करून दाखवायचं. प्रशिक्षणाला हजर होता याला अर्थ नाही. आपल्याकडे अनेक मुनीम तेलुगू किंवा कन्नडमध्ये विचार करतात आणि वाणांना घरातलीच नावं देतात. नव्या यादीत ती नावं शोधल्यावर सापडली पाहिजेत, नाहीतर तो "इतर टॉवेल" निवडून बिल पुढे ढकलतो.

जुनी उधारी नव्या सिस्टीममध्ये कशी आणायची? पार्टीनिहाय एकच आकडा पुरेल ना?

ताळेबंदाला पुरेल, वसुलीला नाही. पार्टी पैसे देताना विचारते, कुठल्या बिलाचे? एकच आकडा आणला तर कुठलं बिल किती दिवसांचं हे पुसलं जातं. म्हणून प्रत्येक न फिटलेलं बिल त्याच्या जुन्या नंबर-तारखेसह आणायचं.

आणि इथे हमखास एक फरक निघतो. समजा जुन्या सिस्टीममध्ये सगळ्या पार्ट्यांच्या येण्याची बेरीज ८६,४०,००० रुपये आहे. तुम्ही न फिटलेल्या बिलांची यादी काढली, तिची बेरीज आली ८८,१५,०००. फरक १,७५,००० रुपयांचा. पहिला विचार येतो की यादी चुकली. बहुतेक वेळा यादी बरोबर असते. पार्टीने पैसे दिले, हिशेबनिसाने ते खात्यावर जमा केले, पण कुठल्याच बिलासमोर लावले नाहीत. अशा मोकळ्या जमा रकमा निघाल्या १,४०,००० च्या. वापसीच्या क्रेडिट नोटही तशाच मोकळ्या पडलेल्या, ३५,००० च्या. दोन्ही मिळून १,७५,०००. जुळलं.

आता या मोकळ्या रकमाही स्वतंत्र ओळी म्हणून नव्या सिस्टीममध्ये न्यायच्या. त्या विसरल्या, तर नवी सिस्टीम पहिल्याच आठवड्यात पार्टीला फिटलेल्या बिलाची आठवण पाठवते. वीस वर्षांची पार्टी अशा एका संदेशाने दुखावते. शक्य असेल तर बदलाच्या रात्रीआधीच मोठ्या पार्ट्यांच्या मोकळ्या रकमा बिलांसमोर लावून घ्या. हातातले पुढच्या तारखेचे चेकही याच वेळी मोजा, ते कुठल्याच यादीत येत नाहीत.

त्या रात्री नेमकं काय करायचं?

गादी आणि गोदामाची रात्र धरू, ३१ जुलै. संध्याकाळी सहाला जुन्या सिस्टीमवर बिलं बंद. त्यानंतर आलेला माल, आलेले पैसे कागदावर. सात वाजेपर्यंत जुन्या बिलांपैकी एकाचाही ई-इन्व्हॉइस बाकी राहिलेला नसला पाहिजे, कारण उद्यापासून तो पडदा कुणी उघडणार नाही. मग जुन्या सिस्टीमचा बॅकअप, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायचा. नुसती फाइल असणं म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व युजरचे बिल करण्याचे अधिकार काढून घ्या, पाहण्याचे ठेवा.

मग उधारीची यादी आणि मालाची मोजणी नव्या सिस्टीममध्ये चढवायची, बेरजा जुळवायच्या. याला किती वेळ लागतो हे त्या रात्री कळता कामा नये. पंधरा दिवस आधी याची रंगीत तालीम घ्या, खऱ्याच आकड्यांनी, हातात घड्याळ घेऊन. तालमीत दोन तास लागले आणि आपल्याकडे तीन आहेत, तर ठीक. तालमीत तीन लागले, तर तारीख पुढे.

दहा वाजता मालक, हिशेबनीस आणि सॉफ्टवेअरवाला यांनी मिळून हो की नाही ठरवायचं. उधारी जुळली नाही तर नाही. तेव्हा "नाही" म्हणणं स्वस्त असतं: अधिकार परत द्यायचे, कागदावरच्या नोंदी जुन्यात भरायच्या, सकाळी गादी नेहमीसारखी उघडायची.

आणि सकाळी बिघडलं तर परत फिरता येतं का?

पहिला ई-इन्व्हॉइस निघेपर्यंत सहज. त्यानंतर किंमत मोजून. सरकारी पोर्टलवर ई-इन्व्हॉइस २४ तासांच्या आत रद्द करता येतो, पण त्याच्या ई-वे बिलावर गाडी निघाली असेल तर करता येत नाही, आणि रद्द केलेला नंबर पुन्हा वापरता येत नाही. म्हणून परतीची योजना म्हणजे झालेली बिलं पुसणं नव्हे. झालेली बिलं खरीच राहतात, ती जुन्या सिस्टीममध्ये आहे त्या नंबराने हाताने भरायची, आणि पुढची बिलं जुन्या मालिकेत. वीस बिलं असतील तर दुपारचं काम. दोनशे असतील तर कुणी करत नाही.

यातूनच परतीची वेळ ठरते. गादीवर दिवसाला चाळीस बिलं होत असतील, तर दुपारी एकपर्यंत निर्णय. कधी फिरायचं तेही आधीच लिहून ठेवा: कर चुकतोय, उधारीत चुकीच्या पार्टीला नोंद जातेय, किंवा बिलं सेव्ह होताना गहाळ होताहेत. या तिन्हींत फिरायचं. प्रिंट वाकडी येते, पडदा हळू आहे, एक अहवाल चुकतो, यासाठी फिरायचं नाही.

फक्त ई-इन्व्हॉइसची जोडणी तुटली, तर फिरायची गरज नाही. नव्या सिस्टीममधून बिलांची जेसन फाइल काढून पोर्टलवर हाताने चढवता येते. तालमीत हेही एकदा करून पाहा. तोवर गाडी थांबवा, कारण ई-इन्व्हॉइसशिवायचं बिल कायद्याने बिलच धरलं जात नाही.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो तालमीची गरज नाही, त्यांनी शंभर ठिकाणी केलंय.

केलं असेल. त्या शंभर ठिकाणी तुमची उधारी नव्हती.

जुन्या बिलाचा माल परत आला तर?

क्रेडिट नोट नव्या सिस्टीमवर, पण तिच्यात मूळ बिलाचा जुना नंबर, तारीख आणि मूळ बिलाचाच कराचा दर. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीचं १२ टक्क्यांचं बिल असेल तर वापसीही १२ टक्क्यांनीच. अनेक सिस्टीम वापसीला आजचा दर लावतात, म्हणून हा दर हाताने बदलता येतो का ते गो-लाइव्हच्या आधी पाहा. जीएसटीत कर कमी करणाऱ्या क्रेडिट नोटला मुदतही आहे: ज्या आर्थिक वर्षातला पुरवठा, ते संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तेव्हापर्यंत.

सुरू झाल्यावर पहिल्या दिवसांत कशावर नजर ठेवायची?

रोज रात्री तीन आकडे. नव्या सिस्टीममधली दिवसाची बिलं आणि पोर्टलवर निघालेले ई-इन्व्हॉइस, दोन्हींची संख्या, साध्या ग्राहकांची बिलं वगळून. गोदामातून गेलेले नग आणि बिलातले नग. आणि "इतर टॉवेल"सारख्या मोघम वाणावर किती बिलं झाली. हा शेवटचा आकडा वाढत असेल तर गादीवरच्या माणसाला वाण सापडत नाहीयेत. तो तक्रार करणार नाही, पण महिनाअखेर मालाचा हिशेब कोलमडेल.

पहिल्या महिन्याचं विवरण भरून होईपर्यंत नवीन सोयी, नवे अहवाल, रंग बदलणं, सगळं बंद. मागण्या वहीत लिहून ठेवा.

जुनी सिस्टीम कधी काढून टाकायची?

लगेच नाही. जीएसटी कायद्यात हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. पेढी कंपनी असेल तर कंपनी कायद्याची ८ वर्षांची अट वेगळी. जुन्या सॉफ्टवेअरचं वार्षिक शुल्क थांबल्यावर ते उघडतं तरी का, हे आधी विचारा. उघडत नसेल तर सगळी बिलं पीडीएफमध्ये आणि पार्टीची खाती एक्सेलमध्ये काढून दोन ठिकाणी ठेवा. आणि ज्या जुन्या संगणकावर ते चालतं, तो घरी मुलाला गेम खेळायला देऊ नका.